‘हे जरा चेक करा की’ म्हणून आलेल्या निबंधात नक्की काय बघायचं?

जून उजाडला की कोल्हापुरात निबंधांचे दिवस सुरू होतात. २६ जूनची शाहू जयंती, शाळा-कॉलेजच्या स्पर्धा, प्रकल्पाच्या वह्या. घरात कुणी शिक्षक असेल, किंवा नुसतं ‘चांगलं लिहिणारं’ म्हणून गल्लीत नाव असेल, तर मोबाइलवर एक फाइल येते आणि खाली एकच ओळ असते : ‘काका, हे जरा चेक करा की. उद्या द्यायचाय.’

या ओळीत तीन वेगळी कामं दडलेली असतात. पहिलं, भाषा दुरुस्त करणं. दुसरं, म्हणणं पटतंय का, माहिती बरोबर आहे का हे सांगणं. तिसरं, हे लेखन खरंच याचं आहे का, आणि कुठून काही घेतलं असेल तर ते नीट सांगितलंय का हे पाहणं. पाठवणाऱ्याला यांतलं कोणतं हवंय हे बऱ्याचदा त्याचं त्यालाही माहीत नसतं. आपण मात्र फाइल उघडताच पहिल्या ओळीतली वेलांटी दुरुस्त करायला घेतो, कारण ती आधी दिसते आणि सोपी असते. तासाभराने निबंध लालेलाल होतो. पण त्यातली सगळ्यात मोठी चूक तशीच राहिलेली असते, आणि आता ती शुद्ध भाषेत राहिलेली असते.

तिन्ही कामं वेगळी ओळखायला मी एक कसोटी वापरतो. वाक्य अडलं की स्वतःला विचारायचं : हे दुरुस्त करायला लिहिणाऱ्याला काही विचारावं लागेल का? विचारावं लागणार नसेल, नियम माहीत असलेला कुणीही एकाच पद्धतीने दुरुस्त करील असं असेल, तर ते व्याकरणाचं किंवा शुद्धलेखनाचं काम. ‘तुला इथे काय म्हणायचंय?’ किंवा ‘हे खरंय का?’ असं विचारावं लागत असेल, तर ते आशयाचं काम. आणि ‘हे तुला कुठे मिळालं?’ असा प्रश्न मनात आला, तर तिसरं काम सुरू झालं.

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. अकरावीतल्या एका मुलीचा निबंध आहे, विषय ‘मी पाहिलेला महापूर’. तिचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या बाजूच्या उताराला. ऑगस्ट २०१९चा पूर तिने लहानपणी पाहिलेला आहे. निबंधाची सुरुवात अशी :

‘रात्री आजीने आम्हाला हाक मारले. पूराचे पाणी दारात आले होते. आम्ही पुस्तके माळ्यावर ठेवलो आणी दुसऱ्या मजल्यावर जावून बसलो. आजी म्हणाली, “पाणी चढालंय, वर चला.” गॅसची टाकी तेवढी खाली ठेऊन आलो होतो.’

इथे कुणाला काही विचारायची गरज नाही. ‘हाक’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘हाक मारली’. ‘आम्ही पुस्तके ठेवलो’ हे आपल्याकडे बोलताना सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण लेखनात अशा वाक्यातलं क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून ‘पुस्तके ठेवली’. शब्दाला प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ वेलांटी किंवा उकार बहुतेक वेळा ऱ्हस्व होतो, म्हणून ‘पूर’ पण ‘पुराचे’, जसं ‘फूल’ पण ‘फुलाचे’. शब्दाच्या शेवटची वेलांटी एरवी दीर्घ लिहितात, ‘आणि’ हा त्याला ठरलेला अपवाद.

‘जावून’ आणि ‘ठेऊन’कडे जरा नीट बघा. दोन्ही चुकलेत, आणि बरोबर उलटे चुकलेत. मूळ धातूच्या शेवटी ‘व’ असेल तर ‘वून’ लिहायचं : ठेव, ठेवून; धाव, धावून. नसेल तर ‘ऊन’ : जा, जाऊन, घे, घेऊन. दोन वाक्यांचा हा नियम तिला सांगितला, तर निबंधातल्या अशा सगळ्या जागा तिच्या ती शोधेल. आपणच प्रत्येक ठिकाणी दुरुस्त करून दिलं, तर पुढच्या निबंधात त्या चुका परत येतील. एकच चूक सात ठिकाणी असली तरी ती एकच समजायची आणि एकदाच समजावून सांगायची.

आजीचं वाक्य मात्र दुरुस्त करायचं नाही. ‘पाणी चढालंय’ हे ‘चढत आहे’ करायला हात शिवशिवतो. पण अवतरणचिन्हातलं बोलणं आजीचं आहे. शुक्रवार पेठेतली म्हातारी बाई मध्यरात्री प्रमाण मराठीत ओरडणार नाही. हीच गोष्ट ‘मी आलो, मी गेलो’ची. आपल्याकडच्या बायका-मुली बोलताना स्वतःबद्दल असंच बोलतात. मुलीने निवेदनात तसं लिहिलं असेल, तर परीक्षेच्या लेखनात ‘आले, गेले’ अपेक्षित आहे हे तिला सांगावं. ते चूक म्हणून सांगू नये, लिहिण्याची रीत वेगळी असते म्हणून सांगावं. संवादात असेल तर हात लावू नये.

पुढे ती लिहिते : ‘आजीने सांगितल्यावर आईने तिचे कपाट वर नेले.’ व्याकरणाला काही धक्का नाही. पण कपाट कुणाचं, आईचं की आजीचं? आपल्या मनाने ‘आजीचे कपाट’ करून टाकणं सोपं आहे, आणि तेच करायचं नाही. इथे आपल्याला विचारावं लागतंय, म्हणजे आपण आशयात शिरलो. अशा जागी समासात फक्त प्रश्न लिहायचा : ‘कुणाचं?’

आता तिसरा परिच्छेद : ‘अधिकाऱ्यांनी राधानगरी धरणाचे दरवाजे अचानक उघडले आणि अलमट्टी धरणामुळे पाणी तुंबले, त्यामुळेच महापूर आला.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही. नुसतं व्याकरण बघणारा इथून बरोबर खूण करून पुढे जाईल. पण निबंधातली सगळ्यात कच्ची जागा हीच आहे.

पहिला दावा तपासता येतो. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरून पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. म्हणजे ‘अधिकाऱ्यांनी अचानक उघडले’ हे त्या दरवाजांबद्दल चुकीचं आहे. दुसरा दावा वेगळ्या जातीचा आहे. अलमट्टी कर्नाटकात कृष्णेवर आहे, आणि त्याच्या फुगवट्याचा आपल्या पुराशी किती संबंध आहे यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात २०१९च्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अनेक पूरग्रस्तांना आणि कार्यकर्त्यांना हे मान्य नाही. मुलीने कोणतीही बाजू घ्यावी, तो तिचा हक्क. पण ‘त्यामुळेच’ हा शब्द वाद मिटल्यासारखा लिहिलाय. आशयावरचा शेरा असा हवा : ‘दरवाजांची माहिती परत तपास. अलमट्टीबद्दल दोन मतं आहेत. तुझं कोणतं, आणि कशावरून, हे लिही.’ यात आपण वाक्य बदललेलं नाही, लिहायचं काम तिच्याकडेच राहिलं आहे.

आशयाबद्दल आणखी एक सांगावंसं वाटतं. या निबंधात सगळ्यात जिवंत काय आहे? आजीची हाक, माळ्यावरची पुस्तकं, खाली राहिलेली गॅसची टाकी. विषय ‘मी पाहिलेला महापूर’ आहे, आणि तिने चार ओळींत जे पाहिलं ते संपवून तीन परिच्छेद कारणमीमांसेला दिलेत. चांगला अभिप्राय हे आधी सांगेल. रात्र कशी गेली, पाणी कधी उतरलं, चिखल कुणी काढला हे तिला विचारावं. मोठी मुलं ‘माहिती’ला वजन देतात कारण शाळेने तसं शिकवलेलं असतं. ती सवय मोडायला कुणीतरी वाचून ‘इथे मला अजून हवं होतं’ असं म्हणावं लागतं.

आता चौथा परिच्छेद, आणि इथे वाचणाऱ्याचा चेहरा बदलतो :

‘पंचगंगा नदीच्या खोऱ्यातील अतिवृष्टी व उपनद्यांचा एकाच वेळी वाढलेला विसर्ग यामुळे शहराच्या सखल भागात गंभीर पूरस्थिती उद्भवली. सदर कालावधीत नदीने धोका पातळी ओलांडून जनजीवन विस्कळीत केले.’

‘विसर्ग’, ‘उद्भवली’, ‘सदर कालावधीत’. पहिल्या परिच्छेदात ‘जावून’ लिहिणाऱ्या मुलीचा हा आवाज नाही. शंका येणं स्वाभाविक आहे. पण शंका कशावरून आली हे नीट बघितलं पाहिजे, कारण इथे चूक झाली तर एका मुलीवर चोरीचा आळ येतो.

खुणा तीन प्रकारच्या असतात. पहिली भाषेची, ती वर आलीच. दुसरी शुद्धलेखनाची : आधी सगळीकडे चुकणारा शब्द एका परिच्छेदापुरता बरोबर येतो आणि पुढे परत चुकतो. म्हणूनच वेलांट्या आधी दुरुस्त करू नयेत. आपण सगळा निबंध एकसारखा शुद्ध केला की हा फरक पुसला जातो, आणि कुठे जोड आहे हे मग आपल्यालाही दिसत नाही. तिसरी खूण टायपिंगची आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. ‘खोऱ्यातील’मधला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. फाइलमध्ये ‘ऱ्या’ शोधायला सांगितलं आणि तिच्या बाकीच्या परिच्छेदांतले सापडले, फक्त या एका परिच्छेदातले सापडले नाहीत, तर तो मजकूर दुसऱ्या ठिकाणी टाइप झालेला असण्याची शक्यता आहे. मध्येच आकडे देवनागरीतून इंग्रजी होणं, अवतरणचिन्हांचा आकार बदलणं, हेही तसंच.

पण यांतली एकही खूण पुरावा नाही. मोठ्या बहिणीच्या लॅपटॉपवर तो परिच्छेद टाइप केलेला असू शकतो. ‘सदर’ आणि ‘उद्भवली’ ही वर्तमानपत्रांची आणि सरकारी पत्रकांची भाषा आहे. दर पावसाळ्यात ती कानावर पडते, आणि निबंधात मुलं ती मुद्दाम आणतात कारण भारदस्त वाटते. शंका तपासायचे दोन साधे मार्ग आहेत. एक, परिच्छेदातला सगळ्यात वेगळा आठ-दहा शब्दांचा तुकडा अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधायचा. तंतोतंत सापडलं तर प्रश्न मिटला. सापडलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण छापील पुस्तकातून किंवा इंग्रजीतून भाषांतर करून घेतलेलं असं सापडत नाही. दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो : तिला फोन करून सरळ विचारायचं, ‘विसर्ग म्हणजे काय गं? सखल भाग म्हणजे तुमच्याकडचा कुठला?’ तिने वाचून, समजून लिहिलं असेल तर ती सांगेल. नसेल तर तीच म्हणेल, ‘काका, ते एका ठिकाणाहून घेतलंय.’ आळ घेण्याची वेळच येत नाही.

बऱ्याचदा पुढे ती असंही म्हणते, ‘पण मी शब्द बदलून लिहू का?’ चांगल्या घरांतली चांगली मुलंही इथेच फसतात. वरचं वाक्य ती असं बदलते : ‘पंचगंगेच्या खोऱ्यातला जोरदार पाऊस आणि उपनद्यांचे एकदम वाढलेले पाणी यामुळे शहराच्या खोलगट भागात मोठा पूर आला.’ बरेच शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा तोच, मुद्द्यांचा क्रम तोच. दुसऱ्याच्या शर्टाची बटणं बदलून तो आपला होत नाही. तिला सांगावं, मूळ पान मिटून ठेव आणि मला बोलून समजावून सांग. मग असं काहीतरी येतं : ‘भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांच्या पाण्याची पंचगंगा होते. या सगळ्यांच्या डोंगरांत एकाच वेळी पाऊस लागून राहिला, की ते पाणी आमच्या शहराजवळ एकत्र येते. आमची गल्ली उताराला, म्हणून ते आधी आमच्याकडे येते.’ माहिती तीच आहे, पण रचना तिची आहे आणि शेवटचं वाक्य तर तिच्याशिवाय कुणीच लिहू शकलं नसतं.

यात आणखी एक गोंधळ असतो. कोणत्या माहितीला स्रोत सांगायचा आणि कोणत्या नाही? राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. अशी सार्वजनिक माहिती कुणाची मालमत्ता नसते, ती आपल्या शब्दांत लिहिली की झालं. पण समितीचा निष्कर्ष, कुणाचं मत, कुणाचं विश्लेषण वापरलं, तर ते कुणाचं हे वाक्यातच सांगायचं. कुणाचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर अवतरणचिन्ह आणि नाव दोन्ही हवं. शाळेच्या निबंधाला तळटिपांची गरज नसते. ‘वडनेरे समितीच्या अहवालानुसार’ एवढे तीन शब्द पुरतात.

कॉलेजच्या मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं.’ त्याचं मूळ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत आहे. त्यात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर पायऱ्या चढत जातात. पण ते नियम पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांसाठी, शोधनिबंधांसाठी आहेत. वर्गातले निबंध, असाइनमेंट, उत्तरपत्रिका त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. शिवाय मोजताना नाव देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची धरत नाहीत. म्हणजे ती टक्केवारी ‘इतकं उचलायला मुभा’ म्हणून ठेवलेली नाही. सॉफ्टवेअर दोन मजकुरांत साम्य किती एवढंच सांगतं. ते साम्य योग्य की अयोग्य, हे माणसालाच वाचून ठरवावं लागतं. अकरावीच्या निबंधाला तो आकडा लावण्यात तर काही अर्थच नाही. तिथे स्पर्धा घेणाऱ्यांचा किंवा शिक्षकांचा नियम बघायचा.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी हातात पेन न घेता सगळा निबंध एकदा वाचायचा. कुठे आवाज बदलला, तिथे फक्त रेघ ओढायची. मग ‘हे कुठून?’चा प्रश्न बोलून मिटवायचा. त्यानंतर आशय : काय चुकलं, काय कमी आहे, काय जास्त आहे. मुलगी ते बदलून पाठवेल, तेव्हा शेवटी व्याकरण. आधीच व्याकरण केलं, तर चौथा परिच्छेद पुढे तसाही काढून टाकायचा असतो आणि आपला अर्धा तास त्याच्या वेलांट्यांत गेलेला असतो.

उत्तर लिहितानाही तिन्ही गोष्टी एकमेकांत मिसळू देऊ नयेत. मी तिला असं काहीसं लिहीन :

‘निबंध वाचला. आजी आणि माळ्यावरची पुस्तकं फार छान आलीत, ते वाढव. राधानगरीच्या दरवाजांची माहिती चुकली आहे, परत बघ. अलमट्टीबद्दल दोन मतं आहेत, तुझं कारण लिही. चौथा परिच्छेद बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटला. तो कुठे वाचून लिहिलास का? संध्याकाळी फोन कर, बोलू. शुद्धलेखन आत्ता बघितलेलं नाही. ते शेवटच्या प्रतीत बघू. तोवर जाऊन/ठेवून तेवढं तुझं तू शोध.’

‘शुद्धलेखन आत्ता बघितलेलं नाही’ हे वाक्य गाळू नये. नाहीतर लाल खूण नाही म्हणजे तिथे सगळं बरोबर आहे, असं पोरं समजतात आणि तसंच देऊन टाकतात.

उद्याच द्यायचं असेल आणि वेळ खरंच नसेल, तर तिघांपैकी एकच करता येतं. अशा वेळी मी शुद्धलेखन सोडतो आणि उचललेला परिच्छेद आधी निकाली काढतो. ‘पूराचे’ लिहिल्याने अर्धा गुण जाईल. दुसऱ्याचा परिच्छेद आपल्या नावावर गेला, तर निबंध बाद होऊ शकतो, आणि वर्गात जे ऐकून घ्यावं लागतं ते मूल बरीच वर्षं विसरत नाही.

निबंध गुणांसाठी असेल तर आपल्या मदतीलाही मर्यादा आहे. नियम सांगणं, चुकीची माहिती दाखवणं, प्रश्न विचारणं एवढं शिक्षकाला निर्धास्त सांगता येतं. वाक्यं आपण लिहून दिली, तर चौथ्या परिच्छेदासारखाच आणखी एक परका आवाज निबंधात शिरतो, फक्त या वेळी तो आपला असतो. किती मदत चालते याची शंका असेल, तर मुलीलाच वर्गशिक्षकांना विचारायला लावावं : ‘सर, घरी कुणाला दाखवून शुद्धलेखन दुरुस्त केलं तर चालेल का?’